फोन एंगेज का लागतो? कॉल वेटिंग आणि होल्डचा हिशेब

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. दत्तजयंती चार दिवसांवर आली होती आणि महाप्रसादाची व्यवस्था माझ्याकडे होती. संध्याकाळी मी घरी एकटाच होतो, फोन कानाला. सौ. रावपुऱ्यात धाकट्या बहिणीकडे गेली होती. साडूभाऊ बाहेरगावी. तिथे मेहुणीला एकाएकी घेरी आली, शेजाऱ्यांच्या मदतीने तिला रुग्णालयात नेलं, आणि तिथे विम्याचं कार्ड मागितलं. ते कार्ड माझ्या कपाटात. निवृत्त झाल्यापासून सगळ्या कुटुंबाचे असले कागद माझ्याकडेच असतात.

सौ.ने मला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. तिसऱ्यांदाही तेच. मग माझ्या दुसऱ्या नंबरवर लावला, तर तो "संपर्क क्षेत्राबाहेर". शेवटी बहिणीजवळ शेजारणीला बसवून ती रिक्षाने घरी आली. मी दार उघडलं तेव्हाही फोन कानालाच होता. त्यानंतर ती जे बोलली ते इथे छापण्याची गरज नाही. मेहुणीची साखर उतरली होती, दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. माझ्या फोनवर कॉल वेटिंग चालू आहे. त्याच वेळात मी आचाऱ्याचा मधला फोन घेतला होता. मग सौ.चाच फोन एंगेज का लागला? आणि माझ्या फोनमध्ये तिचा एकही मिस्ड कॉल कसा नाही? जुनी सवय म्हणून दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या फोनमधल्या नोंदी मागवल्या आणि पासबुक व लेजर जुळवतो तशा वेळा जुळवल्या. त्यातून जे कळलं ते आपल्या मंडळातल्या पुष्कळांच्या उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

एक खिडकी, एक खुर्ची, एक पायरी

आपल्या मोबाइलवर एका वेळी किती जण सामावू शकतात याला मर्यादा आहे. ती बँकेच्या उदाहरणाने चांगली समजते. एकाच कॅशियरचं काउंटर आहे असं समजा. खिडकीसमोर एक ग्राहक उभा आहे, त्याच्याशी व्यवहार चालू आहे. हा झाला चालू कॉल. बाजूला एकच खुर्ची आहे. "जरा बसा हं, यांचं बघतो," असं म्हणून एकाला तिथे बसवता येतं. हा झाला होल्डवरचा कॉल. आणि दाराशी एकच पायरी आहे. नवा आलेला माणूस तिथे उभा राहून कडी वाजवतो. हा झाला वेटिंगवरचा कॉल, म्हणजे आपल्या कानात बारीक "टूं टूं" वाजतं तो.

एक बोलण्यात, एक होल्डवर आणि एक वेटिंगवर, एवढंच. पायरीवर कोणी उभं असताना आणखी एक जण आला, तर त्याला परस्पर परत पाठवलं जातं. त्याच्या कानावर पडतो तो एंगेज टोन. त्याला परत पाठवण्याचं काम नेटवर्क करतं, आणि फोरजीच्या नव्या पद्धतीत कधी कधी फोन स्वतःच करतो, पण दोन्ही वेळा आपल्याला विचारलं जात नाही. कडीच वाजली नाही तर आत बसलेल्याला कोण येऊन गेलं ते कळणार कसं? म्हणून बहुतेक वेळा मिस्ड कॉलही दिसत नाही.

कॉल वेटिंग बंद असेल तर गोष्ट याहून साधी. मग दाराशी पायरीच नाही. खिडकीशी एक माणूस आला की दार बंद, दुसऱ्याच फोनला एंगेज. जुन्या लँडलाइनवर हेच होतं. तेव्हा एंगेज म्हणजे "घरात कोणीतरी बोलतंय" एवढा एकच अर्थ असायचा. आता त्याचे अर्थ वाढले आहेत.

त्या संध्याकाळचा ताळा

7 वाजून 10 मिनिटांनी सांगलीहून दादांचा फोन आला. खिडकी भरली.

7:22 ला आचाऱ्याचा फोन आला. माझ्या कानात टूं टूं वाजलं. त्याला तिकडे नेहमीसारखी घंटा ऐकू आली आणि मध्येच "आपण ज्यांना फोन केला आहे ते दुसऱ्या कॉलवर आहेत, कृपया प्रतीक्षा करा" अशा अर्थाची सूचना. मी दादांना म्हटलं, "एक मिनिट," आणि पडद्यावर `Hold & Accept` दाबलं. दादा खुर्चीवर गेले, आचारी खिडकीशी आला. एका मिनिटाची सहा मिनिटं झाली, कारण तुपाचा भाव.

7:24 ला पुण्याहून जावयांचा फोन. खिडकी आणि खुर्ची भरलेली होती, तरी पायरी मोकळी होती, म्हणून हाही वाजला. पण आता तो घ्यायचा तर दादा किंवा आचारी, दोघांपैकी एकाला तोडावं लागणार होतं. मी काहीच केलं नाही, वाजू दिला. आपल्याकडे मोबाइलची घंटा किती वेळ वाजावी हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2019 मध्ये ठरवून दिलं आहे. कोणी उचलला नाही आणि तोडलाही नाही तर 30 सेकंद. लँडलाइनसाठी 60 सेकंद. तेवढा वेळ जावई पायरीवर उभे होते.

नेमकी त्याच अर्ध्या मिनिटात सौ.ने पहिला फोन केला. एंगेज. तिने लगेच पुन्हा लावला. तीस सेकंद अजून संपलेले नव्हते. पुन्हा एंगेज. मधल्या काळात जावयांचा फोन वाजून थांबला, आणि त्यांनीही आपल्या सगळ्यांसारखं केलं, लगेच परत लावला. पायरी पुन्हा भरली. 7:25 ला सौ.चा तिसरा फोन आला आणि तोही परत गेला. माझ्या फोनमध्ये जावयांचे दोन मिस्ड कॉल आहेत, सौ.चा एकही नाही. ताळा जुळला.

यात बिघाड कुठेच नव्हता. मी एक कॉल होल्डवर लांबवला आणि एक कॉल वाजता ठेवला. त्या दोन गोष्टींनी तिसऱ्या माणसाचं दार बंद झालं.

दुसरा नंबर "संपर्काबाहेर" का?

माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. माझी समजूत अशी होती की एक नंबर अडलेला असला तर दुसरा मोकळा असतोच. ती चुकीची निघाली. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये बोलण्यासाठीची यंत्रणा एकच असते. फोन नुसता पडून असतो तेव्हा दोन्ही सिम आळीपाळीने आपापल्या नेटवर्ककडे कान लावून असतात. एका सिमवर बोलणं सुरू झालं की ती यंत्रणा पूर्ण त्यात गुंतते आणि दुसऱ्या सिमचा आपल्या नेटवर्कशी संबंध तेवढ्यापुरता तुटतो. ते नेटवर्क फोन शोधतं, उत्तर मिळत नाही, म्हणून "संपर्क क्षेत्राबाहेर" किंवा "बंद आहे" असं सांगतं. माणूस घरात खुर्चीत बसलेला असतो. काही नव्या, महागड्या फोनमध्ये ही अडचण येत नाही, पण आपला फोन कोणत्या जातीचा आहे हे एकदा घरीच करून पाहावं. एका सिमवरून कोणाशी तरी बोलत राहा आणि घरातल्या कोणाला दुसऱ्या नंबरवर फोन लावायला सांगा.

यावर उपाय आहे. फोनच्या `Call forwarding` या सेटिंगमध्ये `When unreachable` असा पर्याय असतो. दुसऱ्या सिमसाठी तिथे पहिल्या सिमचा नंबर भरला, की दुसऱ्या नंबरवरचा अडलेला फोन पहिल्यावर येतो आणि वेटिंगला वाजतो. अर्थात पायरी मोकळी असेल तरच.

एंगेजचे बाकीचे अर्थ

आपल्याला टोन ऐकू आला की आपण लगेच काहीतरी ठरवून मोकळे होतो. "अर्धा अर्धा तास गप्पा मारतो," किंवा अलीकडे, "मला ब्लॉक केलंय." म्हणून बाकीची कारणंही सांगतो.

एक, समोरच्याने फोन तोडलेला असतो. वेटिंगवरचा फोन आला आणि त्याने लाल बटण दाबलं, तर नेटवर्कच्या लेखी "ग्राहक सध्या गुंतलेला आहे" असा त्याचा अर्थ होतो आणि आपल्याला एंगेज ऐकू येतो. याची खूण अशी की आधी एक-दोन घंटा वाजतात आणि मग एंगेज येतो. पहिल्या क्षणापासूनच एंगेज आला तर बहुधा त्याच्या कानापर्यंत आपला फोन पोचलेलाच नसतो.

दोन, दोघांनी एकाच वेळी एकमेकांना फोन लावलेला असतो. बोलता बोलता फोन तुटला की हे हमखास होतं. आपण त्याला लावतो, तो आपल्याला लावतो, दोघांचे फोन "जोडणी चालू" या अवस्थेत असतात आणि बहुधा दोघांनाही एंगेज मिळतो. मग दोघेही पुन्हा लावतात. आमच्या घरात आता नियम आहे: ज्याने आधी फोन केला होता त्यानेच परत करायचा, दुसऱ्याने गप्प बसायचं.

तीन, माणूस मोकळा असतो पण रस्ता भरलेला असतो. दिवाळीच्या पाडव्याला किंवा 31 डिसेंबरच्या मध्यरात्री याचा अनुभव येतो. यासाठीचा टोन वेगळा आहे. आपल्याकडचा खरा एंगेज टोन सावकाश असतो, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. रस्ता भरल्याचा टोन घाईचा, पाव सेकंद आवाज आणि पाव सेकंद शांतता. म्हणजे तिप्पट वेगाने. मोबाइलवर हल्ली टोनऐवजी पुष्कळदा सूचनाच ऐकू येते, पण लँडलाइनवर कान दिला तर हा फरक सहज कळतो. घाईचा टोन आला तर समोरच्यावर रागावू नये, त्याच्या फोनचा यात काही संबंध नाही.

चार, व्हॉट्सॲपवरचं बोलणं. ते इंटरनेटवरून चालतं, त्यामुळे साध्या फोनच्या नेटवर्कच्या दृष्टीने आपण मोकळेच असतो. अशा वेळी फोन करणाऱ्याला नेहमीची घंटा ऐकू येते, "दुसऱ्या कॉलवर आहेत" ही सूचना येत नाही. मुलगी अमेरिकेहून व्हॉट्सॲपवर बोलत असेल आणि आपण मंडळाच्या अध्यक्षांचा फोन उचलला नाही, तर त्यांना वाटणार की घंटा वाजतेय आणि हे उचलत नाहीत.

सेटिंग कुठे असतं आणि कसं तपासायचं

कॉल वेटिंग चालू की बंद, ही नोंद मुळात आपल्या फोनमध्ये नसून कंपनीच्या नोंदवहीत, आपल्या नंबरासमोर असते. म्हणून फोन बदलला तरी ती तशीच राहते, आणि कंपनी बदलून नंबर तोच ठेवला तर नव्या कंपनीच्या नोंदवहीत ती नव्याने करावी लागू शकते. पुष्कळांचं कॉल वेटिंग "आपोआप बंद झालं" ते असं. दोन सिम असतील तर दोन्हींची नोंद वेगळी असते.

तपासण्यासाठी नेहमीच्या डायल पॅडवर पुढचे अंक दाबून हिरवं बटण दाबायचं. पहिल्याने स्थिती कळते, दुसऱ्याने सेवा चालू होते, तिसऱ्याने बंद होते.

```
*#43#
*43#
#43#
```

फोरजीवरून बोलणाऱ्या काही फोनमध्ये ही नोंद फोन स्वतःकडेच ठेवतो. तिथे हे अंक चालले नाहीत तर फोनच्या डायल करण्याच्या ॲपमध्ये `Settings` मध्ये जाऊन `Call waiting` शोधावं. ते कधी `Supplementary services` या नावाखाली दडलेलं असतं.

एक सावधगिरी. असे अंक आपण स्वतः माहीत करून घेऊन दाबावेत. अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेले, विशेषतः `*401*` ने सुरू होऊन पुढे दहा आकडी नंबर असलेले अंक कधीही दाबू नयेत. त्याने आपले सगळे फोन त्या माणसाकडे वळतात, ओटीपी सांगणारे फोनसुद्धा.

होल्ड, स्वॅप आणि मर्ज

होल्डवर टाकलेल्या माणसाचं आणि आपलं बोलणं तुटतं, जोडणी तुटत नाही. त्याला आपला आवाज जात नाही, त्याचा आपल्याला येत नाही. `Swap` दाबलं की खुर्चीवरचा खिडकीशी येतो आणि खिडकीशी असलेला खुर्चीवर जातो. बटणांच्या साध्या फोनवरही हे करता येतं: बोलणं चालू असताना 2 दाबून हिरवं बटण दाबलं की अदलाबदल होते, 1 आणि हिरवं दाबलं की चालू कॉल तुटून दुसरा सुरू होतो, 0 आणि हिरवं दाबलं की वेटिंगवरचा फोन नाकारला जातो.

`Swap` च्या शेजारीच `Merge` असतं, आणि घोटाळा तिथे होतो. मर्ज म्हणजे दोघांनाही एकाच वेळी खिडकीशी आणणं. आमच्या एका स्नेह्यांनी मंडपवाल्याला होल्डवर ठेवून खजिनदारांशी "हा फार मागतोय, पण आपण एवढ्यापर्यंत जाऊ" अशी चर्चा केली. स्वॅपऐवजी मर्ज दाबलं गेलं होतं. मंडपवाला सगळं शांतपणे ऐकत होता आणि त्याने नेमकी तीच रक्कम सांगितली.

हा विनोदी प्रकार झाला. गंभीर प्रकाराबद्दल 2025 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने जाहीर इशारा दिला होता. भामटा फोन करतो, ओळखीच्या कोणाचं तरी नाव सांगतो, आणि म्हणतो, "ते तुम्हाला दुसऱ्या नंबरवरून फोन करत आहेत, त्यांना मर्ज करून घ्या." वेटिंगवर खरंच फोन येतो. पण तो ओळखीच्या माणसाचा नसतो, आपल्याच बँकेचा ओटीपी बोलून दाखवणारा यांत्रिक फोन असतो. आपण मर्ज दाबलं की तो ओटीपी भामट्यालाही ऐकू जातो. चाळीस वर्षांत मी बँकेत जे पाहिलं त्यावरून सांगतो, यात फसणारी माणसं मूर्ख नसतात, घाईत असतात. म्हणून नियम एकच: वेटिंगवर आलेला फोन दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधीही मर्ज करायचा नाही.

आमच्या घरात काय बदललं

मी आता कोणालाही मिनिटापेक्षा जास्त होल्डवर ठेवत नाही. काम लांबतंय असं दिसलं तर एकाला "मागाहून करतो" सांगून फोन ठेवतो. वेटिंगला वाजणारा फोन घ्यायचा नसेल तर तो वाजत न ठेवता लगेच नाकारतो. समोरच्याला त्यात उद्धटपणा वाटेल अशी भीती मला वाटायची. पण त्याने पायरी तत्काळ मोकळी होते आणि नंतर आलेल्याला दार वाजवता येतं.

सौ.नेही एक सवय लावून घेतली आहे. एंगेज लागला की ती लागोपाठ लावत बसत नाही, पूर्ण एक मिनिट थांबून लावते. तीस सेकंदांची घंटा तोवर संपलेली असते. आणि त्या मिनिटात ती साधा एसएमएस करते. बोलणं चालू असतानाही एसएमएस येतो, त्याला खिडकी, खुर्ची, पायरी काही लागत नाही. तिच्या मेसेजमध्ये तीनच शब्द असतात: "लगेच फोन करा."

मेहुणीच्या विम्याच्या कार्डाचा फोटो मात्र आता तिच्या आणि सौ.च्या, दोघींच्याही फोनमध्ये आहे.